हाड खाणाऱ्या पेशीच्या पोटात

ठिसूळ हाडांसाठीची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबतच घ्यायची असते. आपल्याकडे घराघरांत सकाळ दुधाच्या चहाने सुरू होते, म्हणून ही अट अनेकांना जाचक वाटते. पण औषधाचा सगळा स्वभाव या अटीतच आहे. बिस्फॉस्फोनेटच्या रेणूत एका कार्बनच्या दोन बाजूंना दोन फॉस्फोनेट गट असतात आणि ते कॅल्शियम दिसताच त्याला धरतात. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच आडवं आलं, तर रेणू तिथेच अडकतो. एरवीही रक्तात पोचतो तो एक टक्क्याहून कमी, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्यातला साधारण निम्मा हाडातल्या हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजावर चिकटतो, उरलेला लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो.

माझं म्हणणं असं, की हे औषध नेमकं लागू पडतं ते या चिकटण्यामुळे, ज्या विकरावर ते घाव घालतं त्यामुळे नव्हे. फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे विकर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. मात्र हाड पोखरणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडाला चिकटून आम्ल सोडते, खनिज विरघळवते आणि त्यावर बसलेलं औषध स्वतःच गिळते. विकर बंद पडलं की रॅक, ऱ्हो यांसारख्या प्रथिनांना मेदाची शेपटी जोडली जात नाही, ती पटलाला धरून राहू शकत नाहीत. मग पेशीची हाडाला भिडणारी चुणीदार कड मोडते, पोखरणं थांबतं आणि पुष्कळदा पेशीही मरते. प्रयोगशाळेत अशा पेशींना जेरॅनिलजेरॅनिऑल पुरवलं, की ती शेपटी पुन्हा जोडता येते आणि पेशी बऱ्याच अंशी सावरतात. घाव कुठे बसतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

यावर कोणी म्हणेल, झोलेड्रोनेटच्या सलाइननंतर ताप का येतो? कारण काही काळ औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही शिरतं आणि तिथेही तेच विकर अडवतं. ताप दोन-तीन दिवसांत ओसरतो, कारण औषध रक्तात टिकत नाही. माझ्या म्हणण्याला याने बळच मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनं हाड पोखरलं गेलं नाही, तर बारीक तडे दुरुस्त कसे होणार? वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या थोड्या जणांत मांडीचं हाड फारशा माराशिवाय आडवं मोडतं. त्याआधी अनेकदा कित्येक आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखत असतं. तेव्हा नुसत्या गुडघ्याचा एक्स-रे पुरत नाही, दोन्ही मांड्यांचा पूर्ण काढावा लागतो. पण हाडात गाडलेलं औषध वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून थांबवल्यावरही परिणाम लगेच जात नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लेक्स चाचणीत पाच वर्षांनी अलेंड्रोनेट थांबवलेल्या स्त्रियांत मणक्याचे त्रास देणारे फ्रॅक्चर ५.३ टक्के, तर चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के आढळले. इतर हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये ठळक फरक दिसला नाही. म्हणून ज्यांचा मणका आधीच मोडला आहे त्यांचं औषध मी पाच वर्षांवर थांबवणार नाही, धोका कमी असलेल्यांचं थांबवेन.