गणपतीच्या पंधरवड्याचा रजा-तक्ता

मी ऐरोलीतल्या एका ऑफिसात काम करते. बँकांच्या कार्ड आणि एटीएम व्यवहारांत अडथळा आला की आमच्या टीमकडे तक्रार येते. टीममध्ये बारा जण, काम चोवीस तास, तीन शिफ्ट. कोणाची कुठली शिफ्ट आणि कोणाची सुटी कधी, याचा तक्ता मी करते. २०२४ च्या गणपतीत तो टीम लीडला पाठवताना काय केलं, ते सांगते. ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्यांना उपयोग होईल.

आधीच्या वर्षी हे काम दुसऱ्या कोणाकडे होतं. तेव्हाच्या तक्त्यात फक्त नावं आणि त्यांच्या रजेच्या तारखा होत्या. साप्ताहिक सुट्या वेगळ्या फाइलमध्ये होत्या. दोन्ही एकत्र कुणी पाहिल्याच नाहीत. १९ सप्टेंबर २०२३ ला गणेश चतुर्थी होती. त्या रात्री ड्युटीवर एकच माणूस उरला. सणाला कार्डं भरपूर वापरली जातात, त्यामुळे फोनही भरपूर. सकाळी त्याला घरी जाताना मी पाहिलं होतं. तेव्हापासून हे डोक्यात होतं.

२०२४ मध्ये चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला आली. गौरी १० ला यायच्या, १२ ला विसर्जन. अनंत चतुर्दशी १७ ला, मंगळवारी. मध्येच १५ ला ओणम आणि १६ ला ईद-ए-मिलाद. म्हणून मी ५ ते १८ सप्टेंबर असे चौदा दिवस धरले.

रजेचे अर्ज जुलैत मागवले. कोकणात जाणाऱ्यांना मात्र त्याच्याही आधी विचारायला हवं. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचं. म्हणजे ६ सप्टेंबरच्या गाडीचं तिकीट ९ मेला निघालं. ज्याला मिळालं त्याला मिळालं. ऑगस्टमध्ये त्याला ‘दोन दिवस उशिरा जा’ म्हणणं म्हणजे ‘जाऊ नको’ म्हणणंच. म्हणून मी अर्जात रजेच्या तारखांबरोबर एकच जास्तीचा प्रश्न ठेवला होता : तिकीट काढलं आहे का, कुठल्या गाडीचं?

अर्ज आठ जणांचे आले. संगमेश्वरचा एक आणि कुडाळची एक, दोघांच्या घरी गौरी-गणपती. त्यांना ६ ते १३ हवे होते, प्रत्येकी आठ दिवस. चिपळूणच्या एकाकडे दीड दिवसाचा गणपती, त्याला ६ ते ९. डोंबिवलीच्या सहकारिणीला गौरींचे तीन दिवस, १० ते १२. त्रिशूरच्या सहकाऱ्याला ओणमसाठी १४ ते १६. कुर्ल्याच्या सहकाऱ्याला ईदचा १६. गिरगावातला एक जण मंडळाचा कार्यकर्ता, त्याला १७ आणि १८. एका अर्जात फक्त ७ मागितला होता, दुसऱ्यात फक्त १७. सगळे मिळून एकतीस दिवस. नऊ अर्ज झाले म्हणून परत मोजलं, तर ७ आणि १७ मागणारी एकच व्यक्ती निघाली. तिचेच दोन वेगवेगळे अर्ज आले होते. बाकीच्या चौघांनी काहीच मागितलं नाही.

एकतीस आकडा बघून छातीत धस्स झालं. आमच्याकडे सकाळी तीन, दुपारी दोन आणि रात्री दोन माणसं लागतातच. म्हणजे रोज सात. बारातून सात गेले की उरले पाच. एका दिवशी जास्तीत जास्त पाच जण गैरहजर चालतील, मग कारण रजा असो की साप्ताहिक सुटी. चौदा दिवसांच्या अशा सत्तर जागा. प्रत्येकाच्या चार साप्ताहिक सुट्या, म्हणजे अठ्ठेचाळीस जागा त्यातच गेल्या. रजेसाठी उरल्या बावीस. मागणी एकतीस.

वाट निघाली ती साप्ताहिक सुट्यांतून. आमच्या सुट्या शनिवार-रविवारला बांधलेल्या नाहीत, आठवड्यात कोणतेही दोन दिवस मिळतात. मग ज्याला जे दिवस हवेत, त्याच्या साप्ताहिक सुट्या त्याच दिवसांवर सरकवल्या. तक्त्याचा पहिला आठवडा ५ ते ११, दुसरा १२ ते १८. संगमेश्वरच्या माणसाच्या आठ दिवसांत दोन सुट्या पहिल्या आठवड्याच्या बसल्या, १२ आणि १३ या दुसऱ्या आठवड्याच्या. रजा उरली चार दिवस. कुडाळचंही तसंच. चिपळूणच्याची रजा दोन दिवस झाली, त्रिशूरच्याची एक. बाकी कुणाला रजा खर्चच करावी लागली नाही. एकतीसचे अकरा झाले. मला स्वतःला ते खरं वाटेना, म्हणून कागदावर पुन्हा मांडलं.

पण एकूण बेरीज जमली म्हणजे प्रत्येक दिवस जमला असं नाही. पहिल्या आठवड्याचे मागितलेले दिवस घातल्यावर असं दिसलं :

| तारीख | मागणीप्रमाणे गैरहजर | आणखी किती चालतील |
|---|---|---|
| ५ गुरुवार | ० | ५ |
| ६ शुक्रवार | ३ | २ |
| ७ शनिवार | ४ | १ |
| ८ रविवार | ३ | २ |
| ९ सोमवार | ३ | २ |
| १० मंगळवार | ३ | २ |
| ११ बुधवार | ३ | २ |

उरलेल्या जागा सोळा. बाकीच्यांच्या त्या आठवड्याच्या सुट्या पंधरा बसवायच्या होत्या. म्हणजे सबंध आठवड्यात एकच जागा मोकळी. ती मी ११ तारखेला ठेवली. दुसऱ्या आठवड्यात मात्र दहा जागा मोकळ्या राहत होत्या. खरी अडचण पहिल्या सात दिवसांचीच होती, हे तेव्हा कळलं.

पाच जणांना ५ तारखेला, गुरुवारी सुटी घ्यावी लागणार होती. गुरुवारची सुटी कुणालाच नको असते. मी एकेकाला भेटून विचारलं. त्यात अर्ज न करणारे तिघं होते. त्यांनी हो म्हटलं, पण एकीने स्पष्ट सांगितलं, ‘आम्ही कुठे जात नाही म्हणून दर वेळी आम्हीच का?’ तिचं बरोबर होतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यातल्या मोकळ्या जागांवर पहिला हक्क अर्ज न करणाऱ्या चौघांचा ठेवला.

शिफ्ट बसवताना आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. रात्रपाळी ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेची धरतात, पण ती संपते दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्याची रजा ६ पासून आहे त्याला ५ ची रात्र दिली, तर ६ ला सकाळी तो ऑफिसातच असतो आणि गाडी निघून जाते. ५ ला सकाळच्या तीन जागा होत्या आणि कोकणात जाणारेही तिघेच. तिथे ते नेमके बसले. त्यातल्या १३ पर्यंत गावी असणाऱ्या दोघांना १४ ला दुपारची शिफ्ट दिली, कारण गणपतीनंतर मुंबईकडे येणारी गाडी वेळेवर येईल या भरवशावर सकाळची शिफ्ट लावता येत नाही.

दुसरी गोष्ट सलग कामाची. ज्याला ५ आणि ६ ची सुटी दिली, त्याची पुढची सुटी १७-१८ ला टाकली तरी दोन्ही आठवड्यांची बेरीज चोख दिसते. पण तो माणूस मध्ये दहा दिवस सलग काम करतो. त्यामुळे प्रत्येक ओळ आडवी वाचून कुणालाही सहा दिवसांपेक्षा जास्त सलग काम नाही ना, हे बघितलं.

तक्त्यात उभ्या रकान्यात तारखा, आडव्या ओळीत माणसं. प्रत्येक चौकटीत सकाळ, दुपार, रात्र, सुटी किंवा रजा असा पूर्ण शब्द. नुसते रंग ठेवले नाहीत, कारण टीम लीड मॅडम बऱ्याचदा मोबाइलवरच फाइल उघडतात आणि तिथे दोन फिकट रंग सारखेच दिसतात. प्रत्येक तारखेखाली गैरहजर किती ते मोजणारं सूत्र :

```
=COUNTIF(C4:C15,"रजा")+COUNTIF(C4:C15,"सुटी")
```

उत्तर पाचाच्या वर गेलं की चौकट लाल होते, एवढाच एक रंग.

मग ईमेल. आमची लीड नागपूरची. तिला लिहिलं ते असं :

विषय : मंजुरी हवी – ५ ते १८ सप्टेंबर रजा-तक्ता (१२ ऑगस्टपर्यंत)

‘मॅडम, गणपतीच्या पंधरवड्याचा तक्ता जोडला आहे. आठही जणांच्या मागितलेल्या तारखा बसल्या आहेत. कोणत्याही दिवशी सातपेक्षा कमी माणसं नाहीत. तुमचा निर्णय दोन गोष्टींवर हवा. एक, ५ ते १० सप्टेंबरला एकही जागा मोकळी नाही. त्या दिवसांत कुणी आजारी पडलं तर कुणाला बोलवायचं, ते आधी ठरवू या. दोन, ज्या चौघांनी रजा मागितली नाही त्यांना १२ ते १८ मध्ये हवा तो एक दिवस द्यावा, अशी विनंती आहे. तिघांची रेल्वेची तिकिटं मे महिन्यात काढलेली आहेत, त्या ओळी बदलता येणार नाहीत. त्यांच्यापुढे तशी खूण केली आहे.’

एवढंच. तक्ता कसा जमवला ते लिहिलं नाही. तिला वाचायला वेळ नसतो आणि तिला हवं असतं ते तक्त्यात दिसतंच.

संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, ‘तक्ता मंजूर. पण १० ते १२ मीच नाहीये, आमच्या घरी महालक्ष्म्या आहेत.’ हे मला माहीतच नव्हतं. लीडचं नाव बारा जणांत नसतं, म्हणून तिची रजा तक्त्यात कुठेच दिसत नव्हती. तक्त्यात तिची तेरावी ओळ घातली. त्या तीन दिवसांत परवानगी कोण देणार त्याचं नाव लिहिलं. ५ ते १० साठी राखीव माणूसही ठरला, रोज एक, त्यांना विचारून.

राखीव माणूस लागलाच. १० ला एकाला ताप आला. त्या दिवशीच्या राखीव सहकाऱ्याने सुटी मोडली आणि त्याला ती नंतर १३ ला दिली. तापाचा माणूस ११ लाही आला नाही, तेव्हा ती एकुलती मोकळी जागा कामी आली. मला त्या दोन्ही दिवशी कुणाला फोन करून गयावया करावी लागली नाही.

नंतर ईदचा बदल झाला. विसर्जन १७ ला असल्याने मुंबईत ईदची सुट्टी आणि जुलूस १६ ऐवजी १८ ला झाले. कुर्ल्याच्या सहकाऱ्याने विचारलं, दिवस बदलून मिळेल का? दुसरा आठवडा सैल होता, लगेच झालं. नवीन फाइल पाठवताना नावात तारीख टाकली आणि ईमेलच्या पहिल्याच ओळीत काय बदललं ते लिहिलं : ‘एकाची सुटी १६ ऐवजी १८, बाकी तक्ता तोच.’ नाहीतर दोन फाइली फिरत राहतात आणि जो तो आपल्याकडची खरी मानतो.

१७ ला दुपारच्या शिफ्टला ऐरोली-ठाण्यात राहणारेच ठेवले होते. विसर्जनाच्या रात्री गाडी गिरगाव-परळकडे नेणं शक्य नसतं.

दिवाळीचा तक्ता सप्टेंबरच्या शेवटी सुरू केला. या वेळी अर्ज आधी त्या चौघांकडे पाठवले, बाकीच्यांकडे चार दिवसांनी. गुरुवारच्या सुटीवरून बोललेल्या सहकारिणीने भाऊबीज मागितली. तिची ओळ सगळ्यात आधी भरली.