पाय कुठे होता?

"चुकून हात गेला," मामू म्हणाले. पत्र्याचे वॉशर कापणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. एवढ्या एका वाक्यावरून सुपरवायझर अपघात-वहीत 'निष्काळजीपणा' लिहायला निघाला होता. मी म्हटलं, जरा थांबा, आधी मी बोलतो.

'हात का घातला?' असं मी विचारलं नाही. 'का' ऐकलं की आमची न शिकलेली माणसं माफीच मागायला लागतात. वेळही घड्याळात विचारली नाही.

"जोहरच्या आधी की नंतर?"

"नमाज पढून आलो. वीस-पंचवीस पीस काढले असतील."

मग स्टूल दिलं, समोर टेबल ठेवलं. "एक पीस काढून दाखवा." डावा हात पट्टी पुढे सरकवी, पाय पेडल दाबी, उजवा हात डायमधून पीस उचली. दोनदा करून घेतलं.

"ठोका पडला तेव्हा पाय कुठे होता?"

मामू खाली बघत राहिले. "जमिनीवर. मी तर पीस उचलत होतो."

म्हणजे पेडल न दाबता प्रेस खाली आली. क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली की एका दाबात प्रेस दोनदा उतरते. पण हे मी त्यांच्या तोंडात घातलं नाही. पूर्वी एकाला मी "मशीन खराब होतं ना?" विचारलं होतं, तो अदबीने "हो" म्हणाला आणि पुढे कुणी विचारलं तेव्हा त्याला काहीच सांगता आलं नाही. म्हणून आता विचारलं, "त्या आठवड्यात मशीन कसं चालत होतं?"

"दोन दिवस डबल मारत होतं. फोरमनला बोललो होतो."

"तेव्हा जवळ कोण होतं?" त्यांनी शेजारच्या प्रेसवरच्या पोराचं नाव सांगितलं.

"डायच्या पुढे काय असतं?"

"जाळी होती म्हणे. मी लागायच्या आधीच काढलेली."

हे उत्तर मी दोनदा विचारून घेतलं. 1923 च्या भरपाई कायद्यात, कामगाराने सुरक्षेची जाळी जाणूनबुजून स्वतः काढली असेल तर मालकाला भरपाई नाकारता येत होती. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर मात्र येत नव्हती. दोन बोटांना ती सवलत नव्हती. जाळी कुणी काढली, ते मामूंना माहीत नव्हतं. मी 'माहीत नाही' असंच लिहिलं.

शेवटी सगळं त्यांच्याच दखनीत वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी थांबवलं. "तक्रार नको लिहू बेटा. मी बोललो होतो, तक्रार नव्हती केली."

ते खोडून 'बोललो' लिहिलं. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.