‘ओं’च्या मागे

३ जून
शिवणकारखान्यातल्या बायकांची ती फ्रेंच कथा आजपासून मराठीत आणायला घेतली. पहिल्या पानापासून कथा सांगणारी बाई ‘मी’ म्हणत नाही आणि ‘आम्ही’साठीचा ‘नू’ही कर्ता म्हणून वापरत नाही. तिच्या तोंडी सगळीकडे ‘ओं’ आहे. हे सर्वनाम माणूस या अर्थाच्या लॅटिन ‘होमो’पासून आलं. त्याचं क्रियापद कायम तृतीयपुरुषी एकवचनी असतं, अर्थ मात्र प्रसंगाप्रमाणे फिरतो: कोणीतरी, लोक, मी, तू, ते. रोजच्या बोलण्यात तर ‘आम्ही’साठी बहुतेक वेळा हेच येतं.

सुटी वाक्यं अवघड नाहीत. ‘ओं फ्राप’ म्हणजे ‘दार वाजतंय’. ‘ओं दी’ म्हणजे ‘म्हणतात’. नर्सनं पेशंटला ‘ओं’ घालून विचारलं, की ‘काय, जेवण झालं का?’ कर्ता गाळून बोलायची सवय मराठीला आहेच.

४ जून
दुसऱ्या पानावरचं एक वाक्य दिवसभर डोक्यात आहे: ‘ओं नूझा दी द रांत्रे, आलोर ओं ने रांत्रे.’ घरी जायला सांगितलं, म्हणून घरी गेलो, इतकंच. पण पहिला ‘ओं’ सांगणाऱ्यांचा आहे, म्हणजे मालकाच्या माणसांचा, आणि दुसरा बायकांचा. एकाच वाक्यात तेच सर्वनाम हुकूम देतं आणि तेच हुकूम पाळतं.

पहिल्या भागाला मराठीत अडचण नाही. ‘आम्हाला घरी जायला सांगितलं.’ सांगणारा कोण, हे कोणी विचारत नाही. इंग्रजीला इथे कर्मणी प्रयोग करावा लागतो, आणि त्यातून कचेरीतल्या पत्राचा वास येतो. मराठी वाक्य बाईच्या तोंडचंच राहतं.

दुसऱ्या भागात अडलं. छापील फ्रेंचमध्ये शेवटच्या ‘रांत्रे’ला ‘ई’ आणि ‘एस’ जोडले आहेत. उच्चारात ते ऐकू येत नाहीत. क्रियापद एकवचनीच राहिलं, पण भूतकाळी धातुसाधित अर्थामागे गेलं: त्या अनेक होत्या आणि सगळ्या बायका होत्या. कथेत हे इथेच पहिल्यांदा कळतं. मराठीत ‘आम्ही गेलो’ बायकाही म्हणतात आणि पुरुषही, म्हणजे ती दोन मुकी अक्षरं हरवली. ‘आम्ही बायका’ लिहिलं तर लेखिकेनं जे कुजबुजत सांगितलं ते ओरडून सांगितल्यासारखं होतं. संध्याकाळी मार्ग निघाला: ‘आम्हाला घरी जायला सांगितलं, मग सगळ्या घरी गेलो.’ ‘सगळ्या’तल्या ‘या’नं काम केलं.

६ जून
संपादकबाईंचा फोन. ‘अहो, सगळीकडे “आपण” ठेवा की, ते पण असंच फिरतं.’ खरंच फिरतं. ‘आपण कुठले?’ यात ते समोरच्याचं असतं, ‘आपण निघूया’ यात दोघांचं, ‘आपण बरं, आपलं काम बरं’ यात ज्याचं त्याचं. तरी मी नाही म्हटलं. ‘आपण’ ऐकणाऱ्याला आत घेतं, ‘आम्ही’ बाहेर ठेवतं. फ्रेंचला आणि इंग्रजीला ही निवड करावीच लागत नाही, मराठीला प्रत्येक वाक्यात करावी लागते. बायका मशिनवर राबत होत्या तेव्हा वाचक तिथे नव्हता. तिथे ‘आपण’ लिहिणं म्हणजे त्यांचे कष्ट वाचकाच्या नावावर करणं.

आनी एर्नो यांचं २००८ सालचं ‘लेझाने’ मराठीत आणणाऱ्याला हाच प्रश्न पुस्तकभर पडेल. तिथेही निवेदनात ‘मी’ नाही. एक ‘ती’ आहे, आणि ‘ओं’ व ‘नू’ यांच्यातून एक अख्खी पिढी बोलते. ती युद्धानंतरची फ्रेंच पिढी. मी तिथेही ‘आम्ही’च घेतलं असतं.

शिवणकारखान्याच्या कथेत एका ठिकाणी मात्र बाई स्वतःपुरतं बोलता बोलता सगळ्यांविषयी बोलू लागते: तीस वर्षं उभं राहून काम केलं की ‘ओं’ला बसणंच जमत नाही. इथे ‘आपण’ शोभलं असतं, ‘माणूस’ही. मी दोन्ही घेतले नाहीत. ‘तीस वर्षं उभ्यानं काम केल्यावर बसणंच जमत नाही.’ कोणाला, ते वाचणाऱ्यानं भरून घ्यावं.

९ जून
शेवटच्या पानावर सुपरवायझर येतो आणि दोनच शब्द बोलतो: ‘ओं फॅर्म.’ कारखाना बंद. त्याच्या ‘ओं’मध्ये कोण कोण आहे? तो मालकाच्या वतीनं बोलतोय, की त्याचीही नोकरी जाणार आहे? कथा उत्तर देत नाही, आणि बायकाही त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. ‘आम्ही बंद करतोय’ म्हटलं की तो मालकाकडचा झाला. ‘आपण’ म्हटलं तर त्या बायकांनीच कुलूप लावल्यासारखं वाटतं. ‘बंद होतोय’ म्हटलं तर बंद करणाराच उरत नाही, आणि तो उरायला हवा.

शेवटी लिहिलं: ‘बंद करतोय.’ बोलीतलं ‘करतोय’ पुरुषाच्या ‘मी’ला चालतं, ‘तो’ला चालतं, ‘आम्ही’ला आणि ‘आपण’लाही चालतं. कर्ता न लिहिता चौघांची शक्यता उघडी राहिली. मुद्रितशोधकानं त्याचं ‘करत आहे’ केलं तर हे सगळं जाईल, म्हणून समासात ‘बदलू नये’ असं लिहून पान पाठवलं.