चिंतामणी रंगाची फळी

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये आमचं लहानसं मॅचिंग सेंटर आहे. सासूबाईंनी सुरू केलेलं, आता मी चालवते. पोलाद कारखान्याच्या नोकरीमुळे इथे देशभरची माणसं आली आणि त्यांच्यासोबत देशभरच्या साड्या आल्या. त्यामुळे ब्लाउजपीसचा आमच्याइतका रंगांचा पसारा ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. काळा, पांढरा, लाल हे रोज खपणारे रंग कमरेच्या उंचीवर. त्यावर हिरवे, मग डाळिंबी, आमसुली. सगळ्यात वरच्या फळीवर महिन्यातून एखाद्या वेळी लागणारे चिंतामणी, गुलबक्षी, शेवाळी. स्टुलावर चढायचं आणि दोन्ही हात वर करून थान ओढायचं, हे मी बावीस वर्षं केलं.

2022 च्या पितृपक्षात डावा खांदा दुखायला लागला. पडले नव्हते, जड काही उचललं नव्हतं. नवरात्राचा माल भरताना ताण आला असेल, असं वाटलं. दिवाळी होईपर्यंत रात्री त्या कुशीवर झोपता येईना. झोपेत वळलं की कळ थेट दंडापर्यंत उतरायची. गंमत अशी की दुखणं खांद्यात, पण बोट ठेवून दाखवायची वेळ आली की मी दंडाचा मधला भाग दाखवायची.

जानेवारीत ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावरून एका मालिशवाल्याकडे गेले. त्याने गरम तेल लावून चोळलं, मग हात धरून जोरात वर ओढला. "एक बार खुल गया तो खुल गया," म्हणाला. त्या रात्री मी बसून काढली. पुढचे दोन आठवडे हात आधी होता त्याहूनही कमी हलायचा.

फेब्रुवारीत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी मला हात वर करायला सांगितला. तो खांद्याच्या उंचीपर्यंतही आला नाही आणि जेवढा आला तेवढ्यात खांदा कानाकडे उचलला गेला. मग त्यांनी एका हाताने माझं पाठीचं फावडं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने माझा हात स्वतः उचलून पाहिला. तिथेच अडकला. मग कोपर कमरेला चिकटवून मनगट दाराच्या फळीसारखं बाहेर फिरवायला लावलं. उजवा हात छान उघडला, डावा जेमतेम दोन बोटं.

त्यांनी हे का केलं, ते मला समजावून सांगितलं. खांद्याचा स्नायुबंध फाटला असेल तर आपला हात आपल्याला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो वर जातो. माझा दुसऱ्यानेही उचलला जात नव्हता. म्हणजे अडचण ताकदीची नव्हती, सांध्यालाच आतून कुलूप लागलं होतं. असं कुलूप सांधा झिजल्यानेही लागतं, म्हणून एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला. म्हणजे फ्रोझन शोल्डर.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. हात खाली असताना तिच्या तळाशी सैल घडी पडलेली असते आणि हात वर जाताना ती घडी उलगडते. या आजारात पिशवीला सूज येते, ती जाड होते आणि आकसते. उलगडायला घडीच उरत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पटकन कळतं: अस्तर आटलं की वरचं कापड कितीही चांगलं असो, ब्लाउजची बाही वर जात नाही.

हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदाने 1934 मध्ये दिलं. जपानी भाषेत याला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. मी त्रेपन्न वर्षांची होते. चाळीस ते साठ या वयात, बायकांना जास्त आणि मधुमेह असेल तर कितीतरी जास्त, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. साखर वाढलेली निघाली. ती किती दिवसांपासून वाढलेली होती कोण जाणे; खांद्याने निरोप दिला नसता तर मी तपासलीच नसती.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. तीन-चार दिवस साखर बरीच चढेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि ती चढली. पण आठवड्याभरात मी रात्री झोपायला लागले. इंजेक्शन दुखणं कमी करतं, आजाराचं वेळापत्रक फारसं बदलत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आधी गोठण्याचे महिने, तेव्हा दुखणं जास्त. मग गोठलेले महिने, तेव्हा दुखणं ओसरतं पण हात हलत नाही. मग सुटण्याचे महिने, आणि तेच सगळ्यात लांबतात. एकूण दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. दुखण्याच्या महिन्यांत जबरदस्तीने ताणलं तर सूज वाढते. मालिशवाल्याने नेमकं तेच केलं होतं.

त्या संध्याकाळी घरी सासूबाईंना हे सांगितलं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. ऐकून म्हणाल्या, "मले बी तसंच झालं होतं ना. दोन वर्षं वेणी घालता आली नाही. मग सुटला आपोआप."

मी गप्प झाले. ती दोन वर्षं मला चांगली आठवत होती. मी नवी सून होते, दुकानात नुकतीच जायला लागले होते. वरच्या फळीचं गिऱ्हाईक आलं की त्या गल्ल्यावर बसून म्हणायच्या, "तू चढ गं." मी ते सासूपण समजले होते. माहेरी पत्रातही तसंच लिहिलं होतं.

"तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? दिसत तर काहीच नव्हतं."

मे महिन्यापर्यंत दुखणं बरंचसं गेलं, हात मात्र तसाच. आतल्या कपड्याचा हूक मागे लावता येईना, तो पुढे लावून फिरवून घ्यायचा. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तीन गोष्टी दिल्या: वाकून हात लोलकासारखा झुलवणं, काठी धरून कोपर बाहेर ढकलणं आणि बोटांनी भिंत चढणं. ताण जाणवावा, पण रात्री त्याचं दुखणं राहू नये. राहिलं तर जास्त झालं असं समजायचं. मी भिंतीऐवजी फळ्या चढायचे. चार महिने बोटं हिरव्याच्या वर गेली नाहीत. याच काळात बायका व्यायाम सोडतात, असं ताई म्हणाल्या.

2023 च्या दिवाळीत बोटं डाळिंबीला लागली. होळीपर्यंत आमसुलीला. ती चाल इतकी सावकाश होती की फळी नसती तर कळलीही नसती. 2024 च्या आषाढात एका तेलुगू बाईंना चिंतामणी रंग हवा होता. मी स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी थान काढून दिलं. त्यांना त्यात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं.

पाठीमागे हात अजून पुरता पोचत नाही, उजव्यापेक्षा चार बोटं कमी. साखरेची गोळी रोज. काही जणांना काही वर्षांनी दुसराही खांदा धरतो, म्हणून उजव्यावर लक्ष आहे.

सासूबाईंची वेणी आता मी घालते. त्यांचे हात वर जातात, पण वयाने थकतात. घालताना एकदा त्या पत्राबद्दल सांगून टाकलं. त्या मान न वळवता म्हणाल्या, "घट्ट नको बांधू, डोकं दुखते."