जुन्या कार्डाचं शेवटचं बिल

मैत्रिणींनो, वाणी बदलायचा झाला तर आपण काय करतो? नव्या दुकानात खातं उघडतो, पण जुन्या वाण्याची वही पुरती मिटल्याशिवाय त्याच्या दुकानावरून मान वर करून जात नाही. क्रेडिट कार्ड बदलताना मात्र हे साधं व्यवहारज्ञान कुठे जातं, कोण जाणे! नवं कार्ड हातात आलं की जुनं कपाटात टाकतो, त्याचं ‘ऑटो-पे’ बंद करतो, आणि झालं म्हणतो. खरी गोम इथेच आहे.

ऑटो-पे म्हणजे कार्डाचं बिल ठरल्या तारखेला आपल्या बचत खात्यातून आपोआप भरलं जाणं. बिल भरायची आठवण ठेवायला नको, म्हणून बहुतेक घरांत हल्ली हीच सोय असते. पण सवय झालेली सोय एकदम काढून घेतली की पाय घसरतो.

माझ्या धाकट्या जावेचंच बघा. तिच्या जुन्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १८ तारखेला निघायचं आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचं असायचं. १ जुलैपासून तिनं नवं कार्ड वापरायला घेतलं. ७ जुलैला जुन्या कार्डाचं बिल खात्यातून गेलं, ते पाहून ८ तारखेला तिनं ऑटो-पे बंद केलं आणि फोनमधलं त्या कार्डाचं अ‍ॅपही काढून टाकलं.

आता हिशेब नीट पाहा. ७ जुलैला भरलं गेलं ते १८ जूनपर्यंतच्या खरेदीचं बिल. १९ ते ३० जूनच्या दरम्यान तिनं त्याच कार्डावर २,३४० रुपयांचा किराणा भरला होता, तो अजून बिलात यायचाच होता. शिवाय २ जुलैला सिनेमांच्या एका अ‍ॅपची वर्षाची वर्गणी, ६४९ रुपये, जुन्या कार्डातूनच आपोआप गेली. १८ जुलैला २,९८९ रुपयांचं बिल निघालं. त्याचा निरोप फोनवर आला, पण जाहिरातींच्या गर्दीत तो कोण वाचतो? ७ ऑगस्ट उलटून गेला.

१८ ऑगस्टच्या बिलात विलंबशुल्क ५०० रुपये, व्याज सुमारे १९० आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तीन हजारांच्याही आतल्या बिलावर आठशेच्या वर भुर्दंड! “अहो ताई, मी कार्ड हातातसुद्धा घेतलं नव्हतं, मग दंड कसला?” असं ती रडवेली होऊन विचारत होती. दंड कार्ड वापरल्याचा नव्हता, बिल राहिल्याचा होता. आणि व्याज एवढं का? कारण पूर्ण बिल वेळेवर भरलं तरच मधले दिवस बिनव्याजी मिळतात. ते चुकलं की व्याज भरायच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून धरतात.

म्हणून पहिली गोष्ट ही, की जुन्या कार्डाचा वापर थांबवा, पण त्याचं ऑटो-पे थांबवू नका. वापर थांबल्यावर एक बिल येतंच येतं, ते मागच्या शिलकीचं. ते ऑटो-पेनं भरलं जाऊ द्या. त्याच्या पुढचं बिल शून्याचं निघालं की मगच ऑटो-पे बंद करा. जावेच्या तारखा घेतल्या, तर १८ जुलैचं बिल ७ ऑगस्टला आपोआप गेलं असतं, १८ ऑगस्टला कोरं बिल आलं असतं, आणि तेव्हा बंद केलं असतं तर एक पैसाही जास्त गेला नसता. वापर थांबल्यापासून धरला तर हा दीड महिन्याचा मामला आहे. तेवढा धीर धरायचा.

बिल शून्यावर यायला हवं तर त्या कार्डाला चिकटलेल्या वर्गण्या सोडवायला हव्यात. मोबाइल, विमा, सिनेमाची अ‍ॅपं हे सगळं नवं कार्ड घेतल्यानं आपोआप तिकडे जात नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन कार्ड बदलावं लागतं. यादी करायला बारा महिन्यांची बिलं काढून बसा, कारण वर्षातून एकदाच जाणारी रक्कम एकदोन महिन्यांच्या बिलांत दिसत नाही. अशी रक्कम कापण्याच्या निदान २४ तास आधी बँकेचा निरोप येतो, तोही आता वाचत जा.

दुसरी बाजू नव्या कार्डाची, आणि ही अनेकींच्या लक्षातच येत नाही. ऑटो-पेचा अर्ज भरला म्हणजे ते त्याच दिवशी सुरू होतं असं नाही. कार्ड एका बँकेचं आणि बचत खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर दोघींमध्ये मंजुरी व्हायला काही दिवस जातात. तोवर जे बिल निघालं, ते बहुधा त्यात येत नाही. मी स्वतः कार्ड बदललं तेव्हा ३ तारखेला अर्ज केला, ५ तारखेला पहिलं बिल निघालं आणि मंजुरी आली १० तारखेला. ते पहिलं बिल मी २० तारखेलाच हातानं भरून टाकलं. मुदत २५ ची होती. पुढच्या महिन्यात २५ तारखेला खात्यातून रक्कम खरोखर गेलेली पाहिली, तेव्हाच कॅलेंडरवरची खूण पुसली.

अर्ज भरताना एक प्रश्न असतो, Total Amount Due की Minimum Amount Due. पहिल्यावरच खूण करा. दुसऱ्यानं विलंबशुल्क टळतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं.

या मधल्या काळात बचत खात्यावर दोन कार्डांची बिलं येतात, हेही ध्यानात असू द्या. खात्यात पैसे कमी पडले तर बँक वेगळा दंड लावते आणि कार्डवालेही लावतात. आणि ऑटो-पे चालू असताना धास्तीनं शेवटच्या दोनतीन दिवसांत हातानंही बिल भरू नका, रक्कम दोनदा जाण्याचा संभव असतो. गेलीच, तर ती आपल्याच नावावर जमा राहते आणि मागितली की परत मिळते. पण महिनाअखेरीला तेवढा पैसा अडकलेला कुणाला परवडतो?

तारीख चुकलीच, तर हातपाय गाळून बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मुदतीनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच विलंबशुल्क लावता येतं. तेव्हा ७ तारीख हुकली असं ८ ला कळलं तर त्याच दिवशी पूर्ण रक्कम भरून टाका. मात्र एकदा व्याज लागलं असेल, तर सगळं भरल्यावरही पुढच्या बिलात व्याजाचं छोटं शेपूट येऊ शकतं. ते दहावीस रुपयांचं असलं तरी भराच.

जुनं कार्ड कायमचं बंद करायचं असेल, तर कोरं बिल हाती आल्यावर लेखी विनंती करा. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करणं बँकेला भाग आहे. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिनं आपल्याला द्यायचे. आणि हो, दुकानात परत केलेल्या साडीचे पैसे ज्या कार्डानं भरले त्याच कार्डावर येतात. ते आल्याखेरीज ही विनंती करायची घाई नको.