तळ्याचा बर्फ मुंबईच्या धक्क्यावर

बोस्टनजवळ कॉन्कर्ड गावाबाहेर वॉल्डन नावाचे तळे आहे. जानेवारीत मी त्याच्यावरून चालत गेलो. आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. त्या गावच्या माणसाच्या पायाखाली अख्खे तळे फरशीसारखे टणक झालेले, आणि मधोमध एक म्हातारे गृहस्थ बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेले! बराच वेळ मला तिथून हलवेना.

पण खरा नवलाचा भाग पुढेच होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी या भागातल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भरून मुंबईला जात असे.

हा उद्योग बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने उभा केला. त्याच्यासाठी काम करणाऱ्या नॅथॅनिएल वायेथने १८२५ च्या सुमारास घोड्याने ओढायचा दातेरी नांगर तयार केला. आधी बर्फावरचे भुसभुशीत हिम खरवडून काढायचे, मग नांगराने उभ्या-आडव्या खोल रेघा पाडायच्या आणि पहारीने चौकोनी लाद्या सुट्या करायच्या. सगळ्या लाद्या एका मापाच्या असत, आणि खरी मेख तिथेच होती. वेड्यावाकड्या तुकड्यांच्या फटींतून हवा खेळते आणि बर्फ आतूनही वितळतो. एकमेकींना चिकटून रचलेल्या लाद्यांचा मात्र एकच डोंगर होतो, आणि ऊन-वारा लागतो तो फक्त त्याच्या बाहेरच्या अंगाला.

मोठ्या ढिगाचा फायदा साध्या हिशोबाने कळतो. एक फूट लांब-रुंद-उंच लादीच्या एका घनफुटामागे सहा चौरस फूट अंग उघडे असते. दहा फुटांच्या ढिगात तेच घनफुटामागे ०.६ चौरस फुटावर येते. वॉल्डनवर १८४६-४७ च्या हिवाळ्यात असाच सुमारे दहा हजार टनांचा ढीग रचला होता, असे लेखक थोरोने लिहून ठेवले आहे. वर नुसते गवत आणि फळ्या. जुलैत ते छप्परही काढले, थोडा बर्फ नेला, आणि उरलेला उघड्यावर राहूनही १८४८ च्या सप्टेंबरपर्यंत पुरता वितळला नव्हता! आमच्याकडे लग्नसराईत कारखान्यातून आणलेली लादी गोणपाट आणि भुशात गुंडाळूनही संध्याकाळपर्यंत किती झिजते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या वाक्याचे वजन कळेल.

भुसा जहाजातही तोच. लाकडाच्या गिरण्यांतून तो मिळे. कोरड्या भुशात हवा अडकून राहते आणि बाहेरची उष्णता आत शिरायला वेळ लागतो. भुसा भिजला की हा गुण जातो, म्हणून वितळलेले पाणी सतत बाहेर काढावे लागे. बर्फघरातही तळाशी मोरी असे आणि भिंती दुहेरी. भुसा हाताला ओला लागला की समजावे, माल चालला.

१८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी सप्टेंबरमध्ये ते कलकत्त्याला लागले, तेव्हा सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईलाही बर्फ आला, बर्फघर बांधले गेले, आणि जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम मिळाले.

मग मनात आले, हा बर्फ लातूर-नांदेडला का आला नाही? रेल्वे नव्हती. मुंबईहून लातूर सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे बैलगाडीने वीसेक दिवस. गाडीत अर्धा टन बर्फ धरला, तर जहाजाच्या मानाने प्रत्येक किलोमागे उघडे अंग सुमारे सातपट. जहाजात चार महिन्यांत जेवढा हिस्सा वितळला, तेवढा इथे जहाजासारखे जाड वेष्टण असूनही सतरा-अठरा दिवसांतच जाणार. वर गाडीचे धक्के आणि बालाघाटाचे ऊन. लातुरात उतरवायला अर्ध्याहूनही कमी बर्फ उरला असता, आणि भोवती ओला भुसा.

आमच्याकडे मग माठ आणि रांजण होते. बर्फ वितळताना किलोमागे सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. माठाच्या अंगातून पाझरून वाफ होणारे पाणी किलोमागे त्याच्या सातपट उष्णता ओढून नेते. अट एकच, हवा कोरडी हवी. एप्रिल-मेमधली आमची हवा तशी असते, म्हणून पाणी थंडगार होते. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ फारसे काम करीत नाही, आणि पावसाळ्यात तर आमचाही करीत नाही. पण माठाला मर्यादा आहे. हवेच्या ओलाव्याप्रमाणे ठरलेल्या एका तापमानाखाली तो पाणी नेऊ शकत नाही, आणि ते तापमान दूध दिवसभर टिकवण्याइतके कमी नसते. म्हणून आमच्या घरांत दूध दोनदा तापवले जाई, उरलेल्याला विरजण लागे, आणि लोणी साठवण्याऐवजी कढवून तूप केले जाई. बोस्टनकडे मात्र त्याच काळात लोक आतून जस्ताचा पत्रा मारलेल्या लाकडी पेटीत बर्फ ठेवून लोणी तसेच्या तसे टिकवीत होते.