किमतीचा रकाना शेवटी

कोटेशन वाचायला मला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवलं. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या पर्चेस खात्यात झाली होती. मी शाळेत भूगोल शिकवणारा. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आलं, कारण सभेत सगळ्यांनी वेळेवर माना खाली घातल्या आणि मी घातली नाही. पैशांच्या कामाची समज म्हणाल तर घरचं किराणा बिल तपासण्यापलीकडे काही नव्हती.

त्या वर्षी जुनी लिफ्ट बदलायची ठरलं. तळमजला आणि वर सात मजले, जाळीची सरकती दारं, सुटे भाग मिळेनासे झालेले. तीन कंपन्यांची माणसं येऊन मोजमाप करून गेली आणि तिघांनीही प्रेझेंटेशन पाठवली. मी तिन्ही उघडली, प्रत्येकातली किंमत शोधली आणि वहीत लिहिली. ‘अ’चे १४,२०,०००, ‘ब’चे १६,९०,०००, ‘क’चे १२,६०,०००. ‘क’भोवती गोल केला आणि समितीपुढे ठेवण्याआधी हिशेबातल्या जाणकार म्हणून काकूंना दाखवायला गेलो.

त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, “हे तीन आकडे एकाच वस्तूचे आहेत का रे?”

तिन्ही लिफ्टच आहेत, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तिन्ही प्रेझेंटेशन छापून आणायला सांगितली आणि प्रत्येक पानाला हाताने क्रमांक घालायला लावले. मला ते फार जुन्या वळणाचं वाटलं होतं. त्याचा उपयोग नंतर कळला.

विकणाऱ्याचं प्रेझेंटेशन विकण्यासाठी केलेलं असतं, यात गैर काही नाही. पण त्यामुळे त्यातली माहिती आपल्याला हवी तशी मांडलेली नसते. एकाने किंमत चौथ्या पानावर मोठ्या अक्षरात दिली होती आणि कर वेगळा असल्याचं खाली बारीक टाइपात. दुसऱ्याचं कामाचं वर्णन फोटोंमध्ये विखुरलेलं. तिसऱ्याने शेवटून दुसऱ्या पानावर ‘ग्राहकाने करावयाची कामे’ अशी यादी दिली होती. ते पान मी तोवर वाचलंच नव्हतं, कारण त्याच्या आधीच्या पानावर ‘धन्यवाद’ लिहिलेलं होतं.

काकूंचा पहिला नियम असा की तक्त्याच्या ओळी कंपनीच्या कागदावरून घ्यायच्या नाहीत, आपल्या इमारतीवरून घ्यायच्या. कंपनीच्या यादीवरून ओळी पाडल्या तर ती जे बोलली नाही ते आपल्यालाही सुचत नाही. म्हणून आम्ही गच्चीवरच्या मशीनरूमपासून खालच्या खड्ड्यापर्यंत जिना उतरत गेलो आणि वाटेत जे जे काम दिसलं त्याची एकेक ओळ केली. जुनं यंत्र सोडवून खाली आणणं. डक्टमध्ये परांची बांधणं. जाळीच्या जागी आपोआप उघडणारी दारं येणार, तर आठही मजल्यांवर चौकटीभोवतीची भिंत फोडून पुन्हा नीट करणं. वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं बॅटरीवरचं यंत्र. मीटररूमपासून वर थ्री-फेज केबल. सरकारी तपासणी आणि परवान्याचं काम. यंत्राची क्षमता ही अर्थात पहिली ओळ होती. आठ माणसं, ५४४ किलो, आणि ती तिघांचीही सारखी निघाली. म्हणजे किमतीतला फरक यंत्राच्या आकारामुळे नव्हता.

प्रत्येक चौकोनात तीनपैकी एकच नोंद करायची: ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘उल्लेख नाही’. शेजारी पान क्रमांक. पान दाखवता येत नसेल तर ‘आहे’ लिहायचं नाही. मी उत्साहात परांचीपुढे ‘क’ला ‘आहे’ लिहून टाकलं होतं, कारण ‘संपूर्ण उभारणी’ असा शब्द तिथे होता. काकूंनी तो चौकोन खोडला. “संपूर्ण म्हणजे काय, ते त्याच्याकडून लिहून आण.”

‘नाही’ लिहिलेल्या चौकोनाची त्यांना फारशी काळजी नसे. जो नाही म्हणतो त्याने निदान सांगितलं आहे. भीती ‘उल्लेख नाही’ची. काम अर्ध्यावर आलं, जुनी लिफ्ट निघाली, सातव्या मजल्यावरच्या आजी घरात अडकल्या, की त्याच गोष्टीचं ‘जादा काम’ म्हणून बिल येतं आणि तेव्हा भाव करायची आपली ताकद संपलेली असते. म्हणून मोकळे राहिलेले सगळे चौकोन गोळा करून आम्ही प्रश्नांची एकच यादी केली आणि तीच तिघांना पाठवली. उत्तर फोनवर नाही, ईमेलने हवं असं कळवलं. एकाला दुसऱ्याचा भाव सांगायचा नाही, हेही काकूंनी बजावलं. त्यांच्या मते ते खालच्या दर्जाचं काम होतं आणि शिवाय उपयोगाचं नव्हतं, कारण कमी केलेली किंमत कंपनी कुठल्यातरी ओळीतून परत काढून घेते.

उत्तरं आली आणि मगच काकूंनी किमतीचा रकाना आखू दिला, उजवीकडे, सगळ्यात शेवटी.

आधी कर. सोसायटीची जीएसटी नोंदणी नव्हती, त्यामुळे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणार नव्हतं. जो आकडा खिशातून जाणार तोच खरा. ‘ब’च्या किमतीत कर धरलेला होता. ‘अ’ आणि ‘क’वर १८ टक्के चढवल्यावर ते १६,७५,६०० आणि १४,८६,८०० झाले. ‘क’ अजूनही बराच स्वस्त होता आणि मला मनातून बरं वाटलं, माझा गोल अगदीच वाया गेला नव्हता.

मग वगळलेल्या कामांची किंमत. ‘क’ने बॅटरीचं यंत्र ऐच्छिक म्हणून वेगळं दाखवलं होतं, करासकट ७६,७००. जुनी लिफ्ट काढणं आणि परांची ही ग्राहकाची कामं. स्थानिक कंत्राटदाराला विचारलं तर त्याने अनुक्रमे ६०,००० आणि ४५,००० सांगितले. दारांच्या चौकटींचं गवंडीकाम ‘अ’ आणि ‘क’ दोघांनीही वगळलं होतं. मजल्याला १२,००० धरले तर आठ मजल्यांचे ९६,०००. या सगळ्याची बेरीज केली तेव्हा ‘क’ १७,६४,५०० वर पोचला, ‘अ’ १७,७१,६०० वर, आणि सगळ्यात महाग वाटलेला ‘ब’ होता तिथेच, १६,९०,०००. जुन्या लिफ्टचं भंगार ‘अ’ आणि ‘ब’ने किमतीत धरून स्वतःकडे ठेवलं होतं. ‘क’च्या बाबतीत ते आमचं राहणार होतं आणि भंगारवाला ४०,००० देत होता. ते वजा केल्यावरही क्रम बदलला नाही, ‘क’ दुसराच राहिला.

हे आकडे पाहून मी लगेच ‘ब’भोवती गोल करायला निघालो. काकूंनी पेन काढून घेतलं नाही, पण बेरजेतले जे आकडे कंपन्यांनी दिलेले नव्हते, म्हणजे आम्ही बाहेरून आणून घातले होते, ते वेगळ्या शाईने लिहायला लावले. गवंड्याचा भाव हा अंदाज आहे, तो कंपनीच्या सहीच्या आकड्यासारखा दिसता कामा नये. गवंडीकाम मजल्याला १२,००० ऐवजी १,८०० मध्ये झालं असतं तर ‘अ’ आणि ‘ब’ बरोबरीला आले असते. तेवढ्यात होणार नाही हे उघड होतं, पण तक्ता किती अंदाजावर उभा आहे हे सभासदांना दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

एक ओळ मी तक्त्यातून काढून टाकणार होतो. थ्री-फेज केबल आणि मेन स्विच तिघांनीही वगळले होते, मग तुलना करायची कशाची? काकू म्हणाल्या, “तुलनेत नाही, पण पैसे तर जाणारच ना?” तिघांनी सारखंच वगळलेलं काम तुलनेत कोणालाही पुढेमागे करत नाही, आणि म्हणूनच ते अंदाजपत्रकातून निसटतं. ती ओळ राहिली आणि त्याखाली इलेक्ट्रिशियनचे ७०,००० सोसायटीच्या खर्चात धरले गेले. नाहीतर मंजुरी घेतल्यावर दोन महिन्यांनी मला पुन्हा सभेपुढे हात पसरून उभं राहावं लागलं असतं.

वॉरंटीच्या ओळीत तिघांचेही बारा महिनेच होते. फरक सुरुवातीत होता. दोघांची वॉरंटी लिफ्ट ताब्यात दिल्यापासून, एकाची माल कारखान्यातून निघाल्यापासून. उभारणीला तीन महिने लागले तर त्याचे नऊच उरतात. वार्षिक देखभालीचा खर्च मग तितकाच लवकर सुरू होतो. ही गोष्ट मी एकट्याने शंभर वेळा वाचली असती तरी मला दिसली नसती.

विशेष सर्वसाधारण सभेत तो तक्ता भिंतीवर लावला. सभासदांनी ‘ब’ निवडला नाही. ‘अ’चं देखभाल केंद्र जवळ होतं, शेजारच्या दोन इमारतींत त्यांचा माणूस वेळेवर येतो हे अनेकांनी सांगितलं, आणि वरचे ८१,६०० त्यासाठी द्यायला सभा तयार झाली. मला वाटलं काकू नाराज होतील. त्यांनी फक्त इतिवृत्तात कारण आणि तो फरकाचा आकडा दोन्ही लिहायला लावले. आणि ऑर्डर देण्याआधी ईमेलमधली सगळी उत्तरं ‘अ’च्या सही-शिक्क्याच्या अंतिम ऑफरमध्ये घालून घेतली, कारण त्या ऑफरच्या अटींत आधीचा सगळा पत्रव्यवहार रद्द समजावा असं एक वाक्य होतं. प्रेझेंटेशनमध्ये दाखवलेलं बॅटरीचं यंत्र त्या ऑफरमध्ये खरोखरच गळलेलं होतं.

पुढे शाळेत संगणककक्षाची खरेदी निघाली तेव्हा मुख्याध्यापकांनी ते काम माझ्याकडे दिलं. भूगोलाच्या शिक्षकाला हे जमतं असा समज तोवर पसरला होता, आणि तो कोणामुळे हे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. काकू आता मुलाकडे नाशिकला असतात. तक्ता पूर्ण केला की मी तो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. संगणकांचा पाठवला तेव्हा ओळी, पान क्रमांक, वेगळी शाई सगळं जागच्या जागी होतं आणि मी जरा शाबासकीची वाट पाहत होतो. त्यांचं उत्तर आलं: दुसऱ्या कंपनीने मध्ये सुधारित प्रस्ताव दिला असं तू म्हणालास, मग हा भाव कुठल्या तारखेच्या प्रस्तावातला? पाहिलं तर किंमत नव्या प्रस्तावातली होती आणि वगळलेल्या कामांची यादी जुन्यातली. नव्यात नेटवर्कची वायरिंग वगळलेली होती. त्या दिवसापासून तक्त्यात कंपनीच्या नावाखाली प्रस्तावाची तारीख असते.